ऐंशीची हमी आणि सत्त्याऐंशीवा पुल

प्रश्न: दादा, आम्ही चौघे मित्र कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच रूमवर राहतो आणि दीड वर्षापासून एक गाचा गेम खेळतोय, म्हणजे पैसे भरून एकेक पुल करायचा आणि नशिबाने कॅरेक्टर मिळवायचं. गेममध्ये लिहिलंय की रेअर कॅरेक्टर यायची शक्यता १%, ऐंशीव्या पुलाला नक्की मिळणार, आणि ही हमी धरून एकूण दर १.८१%. चौघांचे मिळून ३,२०० पुल झालेत, सगळे दहा-दहाचे, सगळं वहीत लिहिलंय. रेअर आले फक्त ५२, म्हणजे १.६२५%. आणि एकाला तर ८७ व्या पुलाला मिळालं. सपोर्टवाले म्हणतात सरासरीत थोडाफार फरक पडतोच. आम्हाला गंडवतायत का? वहीचे फोटो जोडलेत.

उत्तर:

भावा, तू तक्रार ज्या आकड्यावर उभी केलीस तो आकडा काहीच सांगत नाही, आणि जो जाता जाता लिहिलास तोच खरा पुरावा आहे. ५२ बाजूला ठेव. ८७ बद्दल बोलू.

मी बरीच वर्षं गेमच्या सर्व्हरचं काम केलंय, आधी पुण्यात, आता इथूनच. पिटी काउंटर, म्हणजे शेवटच्या रेअरनंतर किती पुल झाले ते मोजून हमी देणारा आकडा, हा प्रकार मी स्वतः लिहिलाय, दुसऱ्यांनी लिहिलेला तपासलाय, आणि एकदा नेमका तुझ्या गेममध्ये दिसतोय तसा बिघडलेलाही पाहिलाय. तो किस्सा पुढे येईल.

आधी जाहिरातीतले आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. दर पुलाला १% आणि ऐंशीव्याला हमी, असं असेल तर एका रेअरसाठी सरासरी किती पुल लागतील, याचा हिशेब एका ओळीचा आहे:

```
(1 - 0.99^80) / 0.01 = 55.25
1 / 55.25 = 0.0181
```

म्हणजे सरासरी सव्वापंचावन्न पुलांना एक रेअर, अर्थात १.८१%. तुझ्या गेमची जाहिरात गणिताला धरून आहे, तिथे काही लपवलेलं नाही. हे आधी बघायचं कारण असं की सगळीकडे ते इतकं सरळ नसतं. गेनशिन इम्पॅक्ट या गाचा गेमच्या कॅरेक्टर बॅनरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सोडतीवर, मूळ दर ०.६%, हमी नव्वदाव्याला आणि एकूण दर १.६% असं लिहिलेलं असतं. हेच सूत्र तिथे लावलं तर उत्तर १.४३% च्या आसपास येतं. मधला फरक कुठून आला? नव्वदाच्या आधीच्या काही पुलांत शक्यता वाढत जाते, ज्याला खेळणारे सॉफ्ट पिटी म्हणतात, तिथून. तुझ्या गेमचे आकडे अशा वाढीशिवायच जुळतात. त्यामुळे पुढचा सगळा हिशेब सोपा होतो: एक टक्का, एक टक्का, एक टक्का आणि ऐंशीव्याला भिंत.

आता ५२ का निरुपयोगी ते सांगतो. ३,२०० पुलांत या नियमाने साधारण ५८ रेअर यायला हवेत. चौघांची शेवटची मोजणी अर्धवट राहिलेली असणार, ती धरली तर एखाद-दुसरं कमी. पण नशिबाचा खेळ असल्यामुळे हा आकडा चारेकनी सहज इकडे-तिकडे होतो, आणि त्याच्या दुप्पट हलला तरी कुणी भुवया उंचवायचं कारण नाही. पन्नासपासून पासष्टपर्यंत काहीही आलं असतं तरी गेम प्रामाणिक असू शकला असता. ५२ त्यात आरामात बसतात. इथे सपोर्टवाल्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

पण ८७ ला ते उत्तर लागू होत नाही. १.८१% हे विधान सरासरीबद्दल आहे, ते मोडायला हजारो पुलांची नोंद लागते. 'ऐंशीव्याला नक्की' हे विधान प्रत्येक वेळेबद्दल आहे, आणि ते मोडायला एकच उदाहरण पुरतं. नीट चालणाऱ्या गेममध्ये दोन रेअरमधलं अंतर ८१ व्हायची शक्यता कमी नसते, शून्य असते. तिथे सरासरीचा संबंधच नाही.

फक्त एक अट आहे: ८७ हा आकडा खरोखर ८७ असला पाहिजे. आणि वहीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दहाचा पुल केला की शेवटी दहा कार्डांचा जो पडदा दिसतो, तो बऱ्याच गेममध्ये क्रमाने लावलेला नसतो. दिसायला छान म्हणून रेअर आधी, मग जांभळी, मग निळी अशी रचना केलेली असते. तू त्यावरून लिहिलंस तर प्रत्येक रेअर पहिल्या जागेवर आलं असं वहीत दिसेल, आणि मग दोन रेअरमधली सगळी अंतरं दहाच्या पाढ्यातली येतील: ३०, ८०, ५०, ८०. अशी वही दिसली की तिच्यावरून काहीही सिद्ध करायचा प्रयत्न सोडून द्यायचा. दुसरी गफलत अशी की गेमच्या हिस्ट्रीत नवीन नोंद वर असते. वरून तिसरं कार्ड म्हणजे त्या दहातलं आठवं. ते उलटं वाचलं तर आपण शोधतोय तो दोष वहीतून गायबच होतो.

तुझी वही मी दोन्ही अंगांनी तपासली. अंतरं दहाच्या पाढ्यात नाहीत. आणि तुम्ही हिस्ट्रीवरून खालून वर लिहिलंय, हे पानाच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून कळतं. ज्याने ती खूण करायची ठरवली त्याला माझ्याकडून एक मिसळ.

मिसळीवरूनच सांगतो, कारण बिघाड नेमका तसाच आहे. समज एका हॉटेलात कार्ड देतात. प्रत्येक मिसळीला एक शिक्का, ऐंशी शिक्के झाले की एक मिसळ फुकट. शिवाय मालक लहरी आहे, कधी तरी उगाच खूश होऊन मधेच एखादी फुकट देतो, आणि तशी दिली की कार्ड फाडून नवीन कोरं कार्ड सुरू करायचं, असा नियम. आता तुम्ही दहा जण एकदम गेलात. तिसऱ्या ताटाला मालक म्हणाला, ही फुकट. जुनं कार्ड फाडलं. ठीक. पण त्यानंतर तुम्ही अजून सात ताटं खाल्लीत, त्यांचे सात शिक्के नव्या कार्डावर पडायला हवेत. गल्ल्यावरचा पोरगा मात्र दहाही ताटांचा हिशेब शेवटी एकदाच करतो, 'यात एक फुकट गेली ना? मग घ्या नवं कार्ड' म्हणतो आणि कोरं कार्ड हातात ठेवतो. सात शिक्के गेले. त्याने मुद्दाम केलं नाही. त्याने दहा ताटं म्हणजे एक गोष्ट मानली.

सर्व्हरच्या कोडमध्ये हे असं दिसतं:

```python
def pull_ten(player):
    c = player.pity
    got = False
    for i in range(10):
        c += 1
        if c >= 80 or roll() < 0.01:
            give_rare(player)
            got = True
            c = 0
        else:
            give_common(player)
    if got:
        player.pity = 0      # चूक इथे
    else:
        player.pity += 10
```

लूपच्या आतला `c` अगदी बरोबर चालतोय. रेअर आलं की तो शून्य होतो आणि पुढचे पुल पुन्हा मोजतो. फक्त शेवटी डेटाबेसमध्ये लिहिताना लिहिणाऱ्याने `c` वापरला नाही, 'मिळालं असेल तर शून्य, नाहीतर दहा वाढव' असा स्वतःचा सोपा हिशेब लिहिला. शेवटच्या चार ओळींच्या जागी `player.pity = c` एवढं लिहिलं की काम झालं. असं कोड वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं, कारण वाचताना प्रत्येक ओळ शहाणी वाटते.

तुझ्या मित्राचा ८७ आता या चष्म्यातून बघ. त्याची पाचवी दहाची खेप, तिसऱ्या जागेवर रेअर. म्हणजे एकूण ४३ वा पुल. खेपेतले उरलेले सात पुल कोरे गेले. नियमाने खेप संपल्यावर त्याची पिटी ७ हवी होती. मग सहावी ते बारावी अशा सात खेपा कोऱ्या, म्हणजे आणखी ७० पुल, पिटी ७७. तेराव्या खेपेत तिसऱ्या पुलाला, म्हणजे एकूण १२३ व्या पुलाला हमी लागू व्हायला हवी होती. वहीत रेअर आलंय ते त्याच खेपेच्या दहाव्या जागेवर, १३० व्या पुलाला. १३० वजा ४३, म्हणजे ८७. मधले गिळलेले सात आणि वरचे ऐंशी, बरोबर ८७.

आता यातली गंमत बघ. रेअर आलं ते त्याच तेराव्या खेपेत, जिथे ते नियमानेही यायचंच होतं. बटण दाबणाऱ्याला काही फरक जाणवला नाही, अॅनिमेशन सोनेरी झालं, सगळे ओरडले, विषय संपला. तोटा झाला तो त्यानंतर: नियमाने पुढच्या रेअरसाठी सात पुल आधीच जमा असायला हवे होते, ते नाहीत. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आणि मघाशी म्हटलं तशी पहिल्या जागेवर सगळी रेअर लिहिलेली वही असेल, तर तिच्यातही तो कधीच दिसणार नाही. तिथे हे अंतर सरळ ८० असं नोंदलं जाईल.

खरा फटका कुणाला बसतो? जो दहाच्या खेपा करून थांबतो आणि मग मोजून सुटे पुल विकत घेतो त्याला. 'माझी पिटी ७७ आहे, तीन पुल पुरे' असा हिशेब करून ज्याने तीनच पुलांचे पैसे भरले, त्याला तिसऱ्याला काही मिळत नाही, चौथ्यालाही नाही, आणि रात्री बारा वाजता बॅनर बंद होतो. जास्तीत जास्त नऊ पुल असे जाऊ शकतात, रेअर खेपेच्या पहिल्याच जागेवर आलं तर.

या दोषामुळे दर किती घसरतो तेही सांगतो, कारण सपोर्टवाले तुला हाच आकडा दाखवतील आणि तो त्यांना निर्दोष वाटेल. फक्त दहा-दहाच्या खेपा करणाऱ्याचा दर १.८१ वरून साधारण १.७७% वर येतो. बस एवढंच. एका रेअरमागे सरासरी एक पुल जास्त. ३,२०० पुलांत हा फरक जेमतेम एका रेअरचा आहे, म्हणजे तुझी ५२ ची तूट या दोषाने आलेली नाही, ती बरीचशी नशिबाची आहे. नुसते रेअर मोजून १.८१ आणि १.७७ वेगळे ओळखायचे तर दीड लाखाच्या घरात पुल लागतील. चौघांच्या वहीत ते व्हायचं नाही. कंपनीकडे तेवढे पुल दिवसभरात जमत असतील, पण मी पाहिलेल्या डॅशबोर्डवर दर ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेला तरच लाल दिवा लागतो, आणि तो पट्टा यापेक्षा रुंद ठेवलेला असतो, नाहीतर रोज खोटा भोंगा वाजेल.

याउलट अंतरं मोजली तर तोच दोष ढळढळीत दिसतो. दोष नसेल तर ८० च्या वर एकही अंतर नाही. दोष असेल आणि सगळे पुल दहाचे असतील तर शंभरातली बावीस-तेवीस अंतरं ८० च्या वर जातात. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे जवळजवळ पाव हिस्सा, यासाठी लाख पुल लागत नाहीत, पंधरा-वीस रेअर पुरतात.

तुमच्या चौघांची ५२ रेअर म्हणजे ४८ अंतरं. मी ती एका शीटमध्ये उतरवली. नऊ अंतरं ८० च्या वर निघाली: ८१, ८२, ८३, ८४, ८५, ८६, दोनदा ८७ आणि एक ८९. नव्वद किंवा त्याहून मोठं एकही नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण या दोषात ८९ ही कमाल आहे. तुझ्या लक्षात एकच ८७ राहिला होता, पण वहीत असे आणखी आठ बसलेत.

पुढची पायरी ठसे जुळवायची. दोष मी म्हणतो तोच असेल, तर प्रत्येक लांब अंतराच्या सुरुवातीचं रेअर खेपेत कितव्या जागेवर आलं होतं, त्यावरून ते अंतर आधीच सांगता आलं पाहिजे. तिसऱ्या जागेवर आलं असेल तर ८७, सहाव्या जागेवर असेल तर ८४, पहिल्या जागेवर असेल तर ८९. नऊपैकी आठ नेमके जुळले. नववं, ८२ वालं, आधी मला खटकलं. सुरुवातीचं रेअर दुसऱ्या जागेवर होतं, म्हणजे अंतर ८८ यायला हवं. मग दिसलं की त्याचं शेवटचं रेअर खेपेच्या दहाव्या जागेवर नाही, चौथ्या जागेवर आहे. म्हणजे सर्व्हरच्या चुकीच्या काउंटरवर तो ७४ वा पुल होता आणि रेअर हमीने नाही, निव्वळ एक टक्क्याच्या नशिबाने आलं. आठ गिळलेले आणि चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी. म्हणजे तेही याच दोषात बसलं. उलट तेच उदाहरण मला जास्त पटवून गेलं.

काउंटर चुकीचा शून्य होण्याचे आणखीही प्रकार असतात आणि ते वहीत वेगळे दिसतात. बॅनर बदलताना काउंटर पुढे न्यायचा राहिला तर लांब अंतरं नेमकी बॅनर बदलण्याच्या तारखेवर आडवी पडलेली असतात. मात्र आधी नियम वाच, काही गेममध्ये प्रत्येक बॅनरची मोजणी वेगळी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि मग तो दोष नाही. काउंटर तात्पुरत्या मेमरीत ठेवून त्याला मुदत लावली असेल, तर काही दिवस न खेळलेल्यांचंच नुकसान होतं. आणि या दोन्ही प्रकारांत ८९ ची मर्यादा नसते, अंतर १२०, १५० असं कितीही वाढू शकतं. तुमच्या नऊपैकी सहा अंतरं एकाच बॅनरच्या आत आहेत आणि सलग दोन-तीन दिवसांतली आहेत, म्हणून मी ते दोन्ही बाद केले.

आता तो जुना किस्सा. आमच्या कंपनीचा पत्त्यांचा गेम होता, हमी साठाव्याला. टेस्टिंगच्या टीमने पिटी रीतसर तपासली होती: साठ वेळा सुटा पुल, साठाव्याला रेअर, काउंटर शून्य, पास. मग सहा वेळा दहाचा पुल, शेवटच्या खेपेत रेअर, काउंटर शून्य, पास. दुसऱ्या तपासणीत रेअर नेहमी दहाव्या जागेवरच येत होतं, आणि त्या जागेवर चुकीचं आणि बरोबर उत्तर एकच असतं, शून्य. मधल्या जागेवर रेअर आणून बघायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. तो कोड मीच वाचून पास केला होता. एका खेळाडूने ६६ चा स्क्रीनशॉट पाठवला, सपोर्टने त्याला दोनदा सरासरीचं उत्तर दिलं. तिसऱ्या मेलमध्ये त्याने दोन्ही खेपांतल्या वीसही कार्डांची क्रमवार यादी पाठवली तेव्हा ती माझ्या टेबलावर आली. दहा मिनिटांत चूक सापडली.

नंतर जी तपासणी लिहिली ती चार ओळींची आहे:

```python
def test_rare_in_middle():
    p = Player(pity=0)
    set_rolls([0.5, 0.5, 0.001] + [0.5] * 7)
    pull_ten(p)
    assert p.pity == 7
```

दुरुस्ती सोपी होती, भरपाई नव्हती. 'काउंटर बरोबर असता तर काय झालं असतं' हे पुन्हा खेळवून काढता येत नाही, कारण एक रेअर सात पुल आधी आलं असतं तर पुढची सगळी मोजणी सरकते. शेवटी असं ठरलं की लॉगमधून प्रत्येकाचे गिळलेले पुल मोजायचे आणि तेवढे परत द्यायचे. ज्यांचं अंतर साठाच्या वर गेलं होतं त्यांना त्यावर एक रेअर. लॉगमध्ये प्रत्येक पुलाचा खेपेतला क्रमांक नोंदलेला होता म्हणून हे जमलं.

गंडवतायत का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की सुरुवातीला नाही. मुद्दाम लुबाडणारा इतका किरकोळ दर कमी करून इतकी ठळक खूण मागे ठेवणार नाही. पण ८७ चा पुरावा दिल्यावर सरासरीचं उत्तर देऊन परत पाठवणं, हे अजाणतेपणात बसत नाही. जाहिरातीतली शक्यता हा आता शोभेचा मजकूर राहिलेला नाही. अॅपलने डिसेंबर २०१७ पासून नशिबाने वस्तू देणाऱ्या अशा पेट्यांमधल्या वस्तूंची शक्यता खरेदीआधी दाखवणं बंधनकारक केलंय. दक्षिण कोरियात २२ मार्च २०२४ पासून तो कायदाच आहे, आणि त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या स्पर्धा आयोगाने नेक्सॉन या गेम कंपनीला मेपलस्टोरी गेममधल्या क्यूब या वस्तूच्या शक्यता खेळाडूंना न कळवता बदलल्याबद्दल ११.६ अब्ज वॉनचा दंड लावला. तो प्रकार दोषाचा नव्हता, लपवण्याचा होता, हा फरक लक्षात ठेव. तक्रारीत 'फसवणूक' हा शब्द घालू नकोस.

सपोर्टला पाठवताना ५२ आणि ३,२०० चा उल्लेखही करू नकोस. तो केलास की उत्तर पुन्हा सरासरीचं येईल. एकच अंतर घे, ४३ ते १३० वालं. दोन्ही खेपांची तारीख, वेळ, हिस्ट्रीचे स्क्रीनशॉट आणि मधल्या सात कोऱ्या खेपांचेही स्क्रीनशॉट दे. मग एवढंच विचार: '४३ व्या पुलानंतर ऐंशीवा पुल म्हणजे १२३ वा. त्याला हमी का लागू झाली नाही?' खाली एक ओळ लिही की खेपेच्या मध्ये रेअर आल्यावर उरलेले पुल मोजले जात नाहीत असं दिसतंय. ही ओळ डेव्हलपरपर्यंत पोचली तर त्याला कुठे बघायचं ते कळेल. स्क्रीनशॉट आजच काढा, बऱ्याच गेममध्ये हिस्ट्री ठरावीक महिन्यांनी पुसली जाते. दोन आठवड्यांत सरळ उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी परदेशी असेल तर तिथली वाट लांबची आहे, आणि रक्कम बघता मी तरी आधी सपोर्टचाच पिच्छा पुरवेन.

आणि एक. तुमच्यातल्या तिसऱ्या मित्राच्या पानावरची शेवटची खेप दुसऱ्या जागेवर रेअर देऊन संपलीय, त्यानंतर त्याने पुल केलेला नाही. तुमच्या गेमच्या बॅनरवर 'हमीला अजून इतके पुल' असं दिसतं, हे तुझ्याच एका फोटोत आहे. त्याला तिथे ७२ दिसायला हवेत. ८० दिसले तर अख्ख्या वहीपेक्षा तो एक पडदा भारी आहे. मात्र ७२ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, काही गेममध्ये तो आकडा फोन स्वतःच हिस्ट्रीवरून काढतो आणि सर्व्हरकडे वेगळाच असतो. त्याला सांग, स्क्रीनशॉट काढेपर्यंत बटणाला हात लावू नकोस.